बॅटची धूसर रेघ आणि बॅटरचा तोल: स्टाइल बदलताना काय मोजायचं, काय बाजूला काढायचं

प्रश्न: माझ्याकडे एका फलंदाजाचा स्ट्रेट ड्राइव्ह मारतानाचा फोटो आहे. चेहरा, हेल्मेट, पॅड एकदम शार्प आहेत, बॅटचं खालचं टोक आणि चेंडू मात्र वेगामुळे धूसर आलेत. या फोटोचं जलरंगातलं चित्र करायला घेतलं की प्रत्येक वेळी काहीतरी बिघडतं. कधी बॅट रुंद होते, कधी दोन बॅटी दिसतात, चेंडू गायब होतो, नाहीतर फलंदाज मागे झुकल्यासारखा दिसतो. त्यासाठी ComfyUI हा एआयने चित्रं करणारा प्रोग्रॅम वापरतो. धाव घेणाऱ्यांचे पॅनिंगचे फोटोही करायचे आहेत. ब्लर, शार्पनेस आणि पोझ तिन्ही कसं टिकवायचं?

उत्तर:

तिन्ही गोष्टी एकाच फटक्यात टिकवायला जाऊ नका. मी बरीच वर्षं मैदानावरचे फोटो काढले आणि गेली काही वर्षं त्यांची चित्रं करतो. सुरुवातीला मीही denoise, म्हणजे मूळ फोटो किती बदलू द्यायचा तो आकडा, वरखाली करत, प्रॉम्प्ट बदलत रात्री घालवल्या. शेवटी एवढं लक्षात आलं की मॉडेलला धूसर रेघ 'जपायला' सांगण्यात अर्थ नाही. ती रेघ मोजायची, फोटोतून बाहेर काढायची, उरलेल्या शार्प शरीराची स्टाइल बदलायची आणि रेघ मोजलेल्या मापाने परत घालायची. हे लांबचं काम वाटेल, पण दहावा सीड बदलून बघण्यापेक्षा लवकर होतं.

आधी तुमच्या फोटोत काय घडतंय ते पाहू, कारण बॅट रुंद का होते याचं उत्तर तिथेच आहे.

फोटोची एक्झिफ माहिती उघडून शटर स्पीड पाहा. चेहरा शार्प आणि बॅटचं टोक धूसर असेल तर तो साधारण 1/400 च्या आसपास निघेल. मी तोच धरून चालतो. फोटो पॉइंटच्या बाजूने काढलाय असंही धरतो, म्हणजे उजव्या हाताचा फलंदाज छातीने आपल्याकडे तोंड करून उभा आहे, चेंडू आपल्या उजवीकडून डावीकडे येतोय आणि बॅट डावीकडून खाली येऊन उजवीकडे चाललीये. तुमचा कोन उलटा असेल तर दिशा उलटतील, हिशोब तोच राहील.

आता माप. फोटोत हेल्मेटच्या टोकापासून बुटापर्यंत किती पिक्सेल आहेत ते मोजा. ड्राइव्हला वाकलेल्या माणसाची ही उंची 1.6 मीटर धरली आणि फोटोत 1280 पिक्सेल निघाले, तर एका सेंटिमीटरला 8 पिक्सेल झाले. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास साधारण 7.2 सेंटिमीटर असतो, म्हणजे स्थिर चेंडू 58 पिक्सेलचा दिसायला हवा. तुमच्या फोटोत लालसर पट्टा जर 118 पिक्सेल लांब असेल, तर शटर उघडं असताना चेंडू 60 पिक्सेल सरकला. म्हणजे साडेसात सेंटिमीटर. 1/400 सेकंदात साडेसात सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला 30 मीटर, ताशी 108 किलोमीटर. वेगवान गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडून फलंदाजापाशी पोचताना एवढा वेग अगदी पटण्यासारखा आहे. हा उलटा हिशोब मी दर वेळी करतो. उत्तर ताशी 300 आलं तर मोजण्यात चूक आहे. 60 आलं तर एकतर गोलंदाज फिरकीचा नाहीतर चेंडू बराचसा कॅमेऱ्याच्या दिशेने येतोय. कॅमेऱ्याकडे येणारी हालचाल धूसर रेघ जवळजवळ सोडतच नाही, रेघ उमटते ती आडव्या सरकण्याची.

आता बॅट. स्ट्रेट ड्राइव्हमध्ये बॅटचं तोंड गोलंदाजाकडे असतं, म्हणजे पॉइंटवरून आपल्याला दिसते तिची कड. नियमानुसार बॅट जास्तीत जास्त 10.8 सेंटिमीटर रुंद आणि 6.7 सेंटिमीटर जाड असू शकते. खालच्या टोकाशी जाडी कमी असते, समजा 5 सेंटिमीटर, म्हणजे 40 पिक्सेल. टोकाचा वेग सेकंदाला 20 मीटर असेल तर 1/400 मध्ये ते आणखी 40 पिक्सेल सरकलं. फोटोत टोकाशी दिसणारा पट्टा झाला 80 पिक्सेल, म्हणजे 10 सेंटिमीटर.

हा आकडा समोरून दिसणाऱ्या बॅटच्या रुंदीला जवळजवळ भिडतो. मॉडेलने हजारो बॅटी समोरून पाहिल्यात. दहा सेंटिमीटर रुंद, मातकट, बॅटच्या लांबीचा आकार दिसला की ते बॅटचं तोंड आपल्याकडे वळवतं आणि वर स्टिकरही चिकटवतं. म्हणून तुमची बॅट रुंद होते. त्यातून तुम्ही Canny किंवा लाइनआर्टचा कंट्रोलनेट, म्हणजे फोटोतल्या कडांवरून मॉडेलला आकार बांधून देणारी जोड, लावला असेल तर दुखणं वाढतं. कड शोधणाऱ्या प्रोग्रॅमला धूसर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रेघ सापडते, मधे काहीच सापडत नाही. मग मॉडेल एकतर त्या दोन रेघांमध्ये एक जाड बॅट भरतं, नाहीतर प्रत्येक रेघेला एकेक बॅट देऊन टाकतं. दोन बॅटी आल्या त्या अशा.

चेंडू गायब होण्याचं कारण निराळं आहे. तुमचा मूळ फोटो 6000 बाय 4000 चा असेल आणि तो सगळाच्या सगळा लांब बाजूने 1024 वर आणून मॉडेलला दिला, तर 58 पिक्सेलचा चेंडू 10 पिक्सेलचा होतो. SDXL सारखं मॉडेल प्रत्यक्षात काम करतं ते आठपट लहान केलेल्या लेटंटवर. तिथे तुमचा चेंडू म्हणजे जेमतेम एक चौकट. त्यावर नॉइज टाकला की तो लाल ठिपका गवतावरच्या डागासारखा होतो आणि मॉडेल तो साफ करून टाकतं. त्यामुळे पूर्ण फोटो कधीच देऊ नका. फलंदाजाभोवती 1365 पिक्सेलचा चौकोन कापा आणि तो 1024 वर आणा. शरीर 960 पिक्सेल उंच राहतं, हेल्मेटच्या जाळीपासून बुटाच्या लेसपर्यंत मॉडेलला सगळं दिसू शकतं. बाकीचं मैदान वेगळं करा, त्याला एवढी बारकाई लागत नाही.

हे समजलं की पुढचं काम सरळ आहे. बॅटच्या पात्याचा धूसर भाग आणि चेंडू फोटोतून काढायचे. मी हे हाताने करतो, क्लोन टूलने. पात्यामागे थोडं गवत, थोडी खेळपट्टी आणि बहुतेक वेळा पुढच्या पॅडची कड असते. गवत कसंही भरलं तरी चालतं, पण पॅडची कड नीट ओढा, कारण धूसर बॅट अर्धपारदर्शक असते आणि तिच्यातून ती कड शेवटच्या चित्रात दिसणार आहे. बॅटची मूठ आणि ग्लोव्ह्ज मात्र आहेत तिथे ठेवा. मूठ हातापाशी फारशी हललेली नसते, आणि हात रिकामे दिसले की मॉडेल स्वतःच्या मनाने त्यात काहीतरी देतं. एकदा माझ्या फलंदाजाच्या हातात छत्रीची मूठ आली होती.

आता उरलेल्या, पूर्णपणे शार्प माणसाची स्टाइल बदलायची. इथे प्रश्न पोझचा. बरेच जण OpenPose लावतात आणि निश्चिंत होतात. ओपनपोझचा सांगाडा शरीराचे 18 बिंदू देतो. त्यात मनगट आहे, पण मनगट कुठे वळलंय ते नाही. घोटा आहे, पण पाऊल कुठे रोखलंय ते नाही. पाठीचा बाक नाही. क्रिकेटमध्ये नेमक्या याच गोष्टींवर फटका ओळखू येतो. त्यात पॅड, ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट यांमुळे सांगाडा काढणाऱ्याचा गोंधळ होतो आणि डावं-उजवं बदलतं. सांगाड्यात प्रत्येक अवयवाला ठरावीक रंग असतो. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात मुठीवर वर असतो. सांगाड्यात वरच्या मनगटाला उजव्या हाताचा रंग आला असेल तर तो सांगाडा टाकून द्या किंवा बिंदू हाताने हलवा. तसाच पुढे नेलात तर खांदे मुरगळलेले येतील आणि का ते कळणार नाही.

मी स्ट्रेट ड्राइव्हसारख्या फोटोला डेप्थ आणि लाइनआर्ट असे दोन कंट्रोलनेट लावतो आणि सांगाडा बहुतेक वेळा लावतच नाही. डेप्थ पुढचा पाय मागच्या पायाच्या पुढे ठेवतं, लाइनआर्ट पाऊल आणि कोपर जागेवर ठेवतं. दोन्ही नकाशे बॅट काढून टाकलेल्या फोटोवरून बनवा, मूळ फोटोवरून नको. नाहीतर बाहेर काढलेली बॅट नकाशातून परत आत येते. मग लाइनआर्टचा नकाशा उघडून नजरेने तपासा आणि पात्याच्या जागी काही रेघा उरल्या असतील तर काळ्या रंगाने पुसा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि याच्याइतकं फळ देणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आकडे विचाराल तर माझी सुरुवात अशी असते:

```
denoise            0.50
depth strength     0.60   end_percent 1.0
lineart strength   0.50   end_percent 0.7
prompt: watercolor painting, batsman in white
        kit, helmet, pads, clean washes
```

लाइनआर्ट 0.7 ला सोडतो, कारण शेवटच्या टप्प्यातही ते पकडून ठेवलं तर रंग रेघेच्या आतच अडकतात आणि चित्र लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखं दिसतं. denoise 0.6 च्या वर गेलं की माझ्या अनुभवात पहिल्यांदा जातो तो डोक्याचा कल, मग पुढचा गुडघा. स्टाइल पुरेशी उतरत नसेल तर denoise वाढवू नका. स्टाइलचा लोरा वापरा, किंवा आयपी-अडॅप्टरला जलरंगाचं एखादं चित्र दाखवा. मात्र त्या नमुन्यात माणूस नको. माणूस असलेला नमुना स्टाइलबरोबर स्वतःची पोझही घेऊन येतो. झाडं, आकाश, पाणी असं काही द्या.

प्रॉम्प्टमध्ये 'motion blur', 'dynamic', 'action' हे शब्द का नाहीत, हे विचारणार असाल तर सांगतो. 'motion blur' पूर्ण चित्राला लागू होतं आणि जाळीमागचा चेहराही पुसट होतो. 'dynamic' आणि 'action' लिहिलं की धूळ उडते, रंगाचे शिंतोडे येतात आणि शरीर जास्त तिरकं होतं. मॉडेलला वाटतं की वेग म्हणजे झुकणं. खरा स्ट्रेट ड्राइव्ह तर जवळजवळ स्थिर दिसतो, डोकं चेंडूवर आणि खांदे शांत. प्रॉम्प्टमध्ये कपडे आणि रंग एवढंच ठेवा.

चित्र आलं की ते परत 1365 पिक्सेलवर नेऊन मूळ फोटोच्या वर लेअर म्हणून ठेवा, अपारदर्शकता 50 टक्के करा आणि लेअर चालू-बंद करत पाहा. डोळा स्थिर चित्रातला फरक पचवून टाकतो, पण उडी लगेच पकडतो. हेल्मेटचं टोक, पुढचं कोपर, दोन्ही मनगटं, पुढचा गुडघा आणि दोन्ही बुटांची टोकं एवढ्यांवर लक्ष ठेवा. 1280 पिक्सेल उंच माणसात एखादा बिंदू 10-12 पिक्सेल हलला तर मी सोडून देतो, जलरंगाची कड तेवढी फिरतेच. डोक्याला मात्र ही सूट नाही. डोकं पुढच्या पायाच्या तुलनेत 15 पिक्सेल मागे गेलं की वजन मागच्या पायावर आल्यासारखं दिसतं. तुम्हाला फलंदाज मागे झुकलेला वाटतो तो बहुधा एवढ्याच फरकामुळे. अशा वेळी सगळं पुन्हा काढू नका. फक्त डोकं आणि खांद्यांवर मास्क ओढून मूळ फोटोच्या त्या भागावरून denoise 0.35 वर पुन्हा चालवा.

आणि एक गोष्ट शार्पनेसची. जलरंग सगळीकडे कड मऊ करतो. पण बॅट वेगात आहे हे वाचकाला कळतं ते चेहरा थांबलेला आहे म्हणून. सगळंच मऊ झालं तर बॅटची रेघ वेग न वाटता रंगवणाऱ्याचा आळस वाटतो. म्हणून चित्रातल्या सगळ्यात कडक कडा मी तीन ठिकाणी मुद्दाम ठेवतो: हेल्मेटची जाळी आणि चेहरा, पुढचा बूट, आणि मुठीवरचे ग्लोव्ह्ज. या तीन ठिकाणी मूळ फोटोच्या लाइनआर्टमधल्या रेघा बारीक ब्रशने, पातळ रंगात वरून ओढतो. पाठीमागचा पाय, शर्टाची मागची बाजू, सावली हे मऊ राहू द्या.

आता बॅट परत घालायची. आधी एक शार्प बॅट लागते. मूठ तुमच्याकडे आहेच. पात्याची कड त्याच रेषेत पुढे ओढा. पातं कुठे असावं हे धूसर पट्ट्याच्या मधोमध जाणारी रेघ सांगते आणि जाडी किती हे वजाबाकी सांगते: 80 उणे 40, म्हणजे टोकाशी 40 पिक्सेल. हा आकार सपाट रंगात भरून त्यावर हलक्या छटा दिल्या तरी पुरतं. धूसर होणार असल्याने बारकावे कुणाला दिसणार नाहीत. ही बॅट स्वतंत्र, पारदर्शक लेअरवर ठेवा.

ब्लर कोणता द्यायचा? इथे बहुतेक जण सरळ रेषेतला मोशन ब्लर देतात आणि चित्र खोटं दिसतं. बॅट सरकत नाही, फिरते. टोकाला 40 पिक्सेलची रेघ असेल तर मुठीच्या वरच्या टोकाला ती 10 च्या आसपास असेल, तुमच्या फोटोत मोजून पाहा. मधे ती हळूहळू वाढत जाते, पंख्याच्या पात्यासारखी. या दोन आकड्यांवरून फिरण्याचा केंद्रबिंदू काढता येतो. बॅट 90 सेंटिमीटर धरली तर 720 पिक्सेल. त्या 720 पिक्सेलमध्ये रेघ 30 ने कमी झाली, म्हणजे उरलेले 10 संपायला आणखी 240 पिक्सेल वर जावं लागेल. केंद्र मुठीच्या टोकाच्या 240 पिक्सेल पलीकडे, बॅटच्याच रेषेत, साधारण पुढच्या कोपर-खांद्यापाशी येतं. तिथून टोकापर्यंतची त्रिज्या 960 पिक्सेल. कोन म्हणजे 40 भागिले 960, ते 57.3 ने गुणलं की 2.4 अंश.

GIMP मध्ये हे थेट घालता येतं:

```
Layer > Layer to Image Size
Filters > Blur > Circular Motion Blur   (Angle 2.4)
```

पहिली ओळ विसरू नका. लेअर बॅटच्या आकाराएवढाच कापलेला असेल तर ब्लर त्याच्या सीमेवर छाटला जातो आणि रेघेला एक सरळ, कापल्यासारखी कड येते. केंद्रबिंदू म्हणून वर काढलेली जागा द्या. फोटोशॉपवाल्यांना Blur Gallery मधला Spin Blur याच कामाला येतो, तिथेही केंद्र बॅटच्या मध्यावरून हलवून खांद्याकडे न्यावं लागतं.

चेंडूला सरळ रेषेतला ब्लर चालतो, कारण तेवढ्या वेळात त्याचा मार्ग सरळच असतो. 58 पिक्सेलचं लाल वर्तुळ काढा आणि Linear Motion Blur ला लांबी 60 द्या. कोन मूळ पट्ट्यावरून मोजा. टप्पा पडून वर येणारा चेंडू क्वचितच अगदी आडवा असतो. शिवण काढू नका. सरकलेल्या चेंडूवर रेखीव शिवण दिसली की जाणकार लगेच हसतो.

इथे एक कसोटी सांगतो, ती मॉडेलने केलेल्या चित्रांनाही लावता येते. एखादी वस्तू जेवढी रुंद आहे साधारण तेवढीच सरकली असेल, तर तिचा पूर्ण भरीव रंग फक्त मध्यावर मिळतो आणि दोन्ही बाजूंना तो सारखा विरत जातो. तुमचा चेंडू 58 पिक्सेलचा आणि 60 सरकलेला, म्हणजे मधला लाल रंगही जेमतेम पूर्ण, टोकांना तर गवत स्पष्ट दिसलं पाहिजे. मॉडेल स्वतः ब्लर काढतं तेव्हा बहुतेक वेळा लाल गोळीसारखा भरीव आकार देतं आणि फक्त कड मऊ करतं. तो वेग नसतो, फोकस चुकलेली कॅप्सूल असते. बॅटच्या टोकाचंही तेच. पात्यातून पुढच्या पॅडची कड दिसली नाही तर ब्लर खोटा आहे.

लेअरचा क्रम खालून वर असा: मैदान, स्टाइल बदललेला फलंदाज, बॅट, त्यावर ग्लोव्ह्जचा कापलेला तुकडा, मग चेंडू, आणि सगळ्यात वर कागदाचा पोत. पोत शेवटी हे महत्त्वाचं आहे. ब्लर देण्याआधीच बॅटवर कागदाचे कण असतील तर तेही ओढले जातात आणि चित्रावर बोट फिरवल्यासारखं दिसतं. खऱ्या कागदावर रंग वाहतो, कागद वाहत नाही. पोत वर आला की ती रेघ कोरड्या ब्रशच्या फटकाऱ्यासारखी दिसायला लागते आणि जोडकाम लपतं. चित्रात बॅट अजूनही फोटोतून आल्यासारखी वाटली, तर बॅट आणि चेंडूभोवती मास्क करून denoise 0.2 ते 0.25 वर एकदा चालवा, कंट्रोलनेट न लावता. ComfyUI मध्ये DifferentialDiffusion नोड वापरून राखाडी मास्क दिला तर कडेकडे बदल कमी होत जातो आणि जोड दिसत नाही. 0.3 च्या पुढे गेलात तर मॉडेल बॅट पुन्हा 'दुरुस्त' करायला लागेल.

हे सगळं नको, सरळ कमी denoise वर मूळ फोटोच चालवला तर? 0.25 च्या आसपास ब्लर टिकतो, पण स्टाइल उतरत नाही. फोटोला फिल्टर मारल्यासारखं दिसतं. रेघ अगदी छोटी असेल, म्हणजे 1/2000 चा फोटो असेल, तर हा सगळा खटाटोप करू नका. त्या शटरला तोच चेंडू दीड सेंटिमीटर सरकतो, 12 पिक्सेल. त्याला शार्पच समजा आणि चेंडू फक्त जागेवर आहे ना ते पाहा.

आता धावणाऱ्यांचे पॅनिंगचे फोटो. तिथे पद्धत तीच, पण ब्लर कुठे असावा हे उलटंपालटं असतं आणि लोक इथेच फसतात. सेकंदाला 6 मीटर वेगाने धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत 1/30 ला फोटो काढला, तर पार्श्वभूमी 20 सेंटिमीटर ओढली जाते आणि धड शार्प राहतं. पण जमिनीवर टेकलेलं पाऊल? ते त्या क्षणी जमिनीला चिकटलेलं, म्हणजे पार्श्वभूमीइतकंच स्थिर असतं. कॅमेरा फिरतोय, म्हणून ते पाऊल पार्श्वभूमीसारखंच, तेवढंच लांब ओढलेलं दिसायला हवं. मॉडेल मात्र पूर्ण माणूस शार्प करून धूसर मैदानावर चिकटवतं आणि चित्र कात्रणासारखं दिसतं. हवेतलं पाऊल धडापेक्षा वेगाने पुढे जात असतं, त्यामुळे तेही धूसर असतं. हात झोक्याच्या टोकाला क्षणभर थांबतात, तिथे ते बऱ्यापैकी शार्प सापडतात, मधल्या टप्प्यात नाही. कॅमेरा स्थिर ठेवून काढलेल्या फोटोत याच्या बरोबर उलट घडतं: टेकलेलं पाऊल शार्प, बाकी सगळा माणूस धूसर.

म्हणून पॅनिंगच्या फोटोत मी डोकं, धड आणि मांड्या एवढ्याचीच स्टाइल 0.5 वर बदलतो. गुडघ्याखालचा भाग आणि मधल्या टप्प्यातले हात 0.25 ते 0.3 वर ठेवतो, राखाडी मास्कने हळूहळू उतरवत. पार्श्वभूमी वेगळी रंगवून तिला सरळ आडवा ब्लर देतो, लांबी मूळ फोटोतल्या रेघांवरून मोजून. टेकलेल्या पावलालाही तीच लांबी.

आणि दोन्ही पावलं हवेत असलेला, 1/1000 च्या पुढचा गोठवलेला फोटो असेल तर एकच गोष्ट तपासा. मॉडेलला हवेतला माणूस आवडत नाही. ते पुढचा बूट हळूच जमिनीला टेकवतं, किंवा सावली वर ओढून बुटाला जोडतं. सावली आणि बूट यांच्यामधलं अंतर मूळ फोटोत मोजा आणि चित्रात पुन्हा मोजा. 40 पिक्सेलचे 15 झाले असतील तर धावणारा चालायला लागलाय. सावलीचा तुकडा निवडून खाली सरकवा आणि मधल्या जागेत मूळ रंगाचं मैदान भरा, त्यासाठी मॉडेल पुन्हा चालवण्याचीही गरज पडत नाही.